कोल्ड मेलमधला ताजा कलम: कधी जोडावा, कधी गाळावा

कागदी पत्रात सही झाल्यावर काही आठवलं की खाली ‘ता. क.’ लिहायचे. मेलमध्ये ती सबब चालत नाही, कारण राहिलेलं वाक्य वर जाऊन घालता येतं. अनोळखी माणसाला आपणहून लिहिलेल्या मेलमध्ये, म्हणजे कोल्ड मेलमध्ये, ता. क. असतो तो मुद्दाम ठेवलेला, आणि हे वाचणाऱ्यालाही कळतं. म्हणून त्याला एकच काम द्यावं: घाईत खाली सरकत नावापाशी आलेल्या माणसाला ‘हे मलाच लिहिलंय’ असं वाटायला लावणं.

आधी ता. क. न घालता मेल पूर्ण करा: तुम्ही कोण, का लिहिताय आणि एक विनंती. मेल चार ओळींत आटोपला असेल तर तिथेच थांबा, तो तसाही शेवटपर्यंत वाचला जातो. शंभरेक शब्द झाले असतील तर ता. क.चा विचार करा.

समजा, पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक जण रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराला लिहितोय. विनंती एवढीच, ‘नमुन्याचे दोन खोके पाठवू का?’ पहिल्या खर्ड्यात शेवटी हे होतं:

> ता. क. आमचा कॅटलॉग सोबतच्या लिंकवर आहे, इन्स्टाग्रामवरही फॉलो करा. या आठवड्यात दहा मिनिटं बोलता येईल का?

एका विनंतीच्या चार झाल्या. ‘हो, पाठवा’ म्हणणं सोपं होतं, आता फोनची वेळ ठरवायची की लिंक उघडायची या घोळात उत्तर राहून जातं. शिवाय अनोळखी माणसाची लिंक कुणी सहसा उघडत नाही. सुधारून:

> ता. क. तुम्ही पाच डझनांची पेटी कुरिअरने पाठवता, असं तुमच्या साइटवर दिसलं. नमुना त्याच मापाचा आहे, हवेसाठी भोकं चारही बाजूंना ठेवलीत.

इथे नवं काही मागितलेलं नाही. वरच्याच प्रश्नाला ‘हो’ म्हणायला एक कारण मिळालं, आणि ते फक्त याच बागायतदाराला लागू पडतं. दहा जणांना तसंच्या तसं पाठवता येईल असं वाक्य असेल तर ते काढून टाका.

मग ता. क. झाकून मेल वाचा. विनंतीच कळेनाशी झाली, तर ते वाक्य वरच्या मजकुरातलं आहे. म्हणूनच दर किंवा मुदत खाली ठेवू नये. सरकारी कार्यालयाला किंवा टेंडरच्या पत्रव्यवहारात तर ता. क. टाळलेलाच बरा, तिथे तो विसराळूपणा वाटतो.

जागा नावाच्या लगेच खाली, पण पत्ता, फोन आणि लोगोच्या वर. जीमेलमध्ये आपोआप येणाऱ्या सिग्नेचरच्या खाली लिहिलात तर तो तळटिपेसारखा दुर्लक्षिला जातो. त्याच थ्रेडमध्ये आठवण करून देताना जुना ता. क. पुन्हा चिकटवू नका. पुन्हा आलेला मजकूर जीमेल बहुधा तीन ठिपक्यांमागे दडवतं. सांगण्यासारखं नवं नसेल तर दुसऱ्या मेलला ता. क. नकोच.