एका नंबरवर एकेचाळीस ग्राहक: मोहिमेआधी दुबार नोंदी साफ करताना या चुका टाळा

पुण्यातल्या एका वॉटर प्युरिफायर विक्रेत्याकडे मी सीआरएमचं काम बघते. दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरसाठी दरवर्षी फोनची यादी निघते आणि ती तीन-चार टेलिकॉलरमध्ये वाटली जाते. एका वर्षी एकाच गृहस्थांना एका दिवसात तीन मुलींचे फोन गेले. पहिलीने बाराशेची सूट सांगितली, तिसरीने दोन हजारांची. त्यांनी शांतपणे तिसरीकडे ऑर्डर नोंदवली आणि पहिलीला फोन करून तेही सांगितलं. सीआरएममध्ये त्यांच्या तीन नोंदी होत्या.

पुढच्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने साफसफाई केली. मोबाइल नंबर जुळला की मर्ज, एवढाच नियम. दोन दिवसांत यादी छान बारीक झाली. नंतर सर्व्हिस विभागातून विचारणा सुरू झाली: अमुक सोसायटीतल्या ग्राहकांचे फिल्टर बदलायच्या तारखा कुठे गेल्या? शोधलं तेव्हा कळलं, एकेचाळीस वेगवेगळ्या घरांची मिळून मी एकच नोंद केली होती. आमचा एक इन्स्टॉलेशनवाला मुलगा, ग्राहकाने नंबर दिला नाही की फॉर्मवर स्वतःचा नंबर टाकायचा. रकाना सक्तीचा होता, मग करणार काय बिचारा.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. दुबार नोंद राहून गेली तर एक फोन जास्त जातो. वेगळी माणसं एकत्र झाली तर त्यांचा इतिहास जातो आणि तो परत आणणं फार अवघड असतं. मर्ज उलटं फिरवायची सोय बहुतेक सीआरएममध्ये नसते. म्हणून मर्जचं पहिलं बटण दाबण्याआधी सगळ्या नोंदींचा एक्स्पोर्ट काढून वेगळा ठेवा. फक्त ग्राहकांचा नको. तक्रारी, भेटी आणि बिलांचाही हवा. त्या एकेचाळीस घरांपैकी जी परत उभी राहिली, ती सर्व्हिसच्या जुन्या एक्स्पोर्टमुळेच.

नंबर एकसारखे न करता जुळवायला बसणं

एकच नंबर आमच्याकडे चार वेशांत येतो: नुसते दहा आकडे, पुढे शून्य लावून, +91 लावून आणि मध्ये जागा किंवा आडवी रेघ टाकून. संगणकाला हे चार वेगळे नंबर दिसतात. त्यामुळे एक्सेलमध्ये आधी एक नवा रकाना करायचा, जागा आणि रेघा काढायच्या आणि शेवटचे दहा आकडे उचलायचे. मूळ नंबर B रकान्यात असेल तर:

```
=RIGHT(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2," ",""),"-",""),CHAR(160),""),10)
```

शेवटचं `CHAR(160)` हे वेबपेजवरून चिकटवलेल्या नंबरांसाठी. तिथून येणारी जागा डोळ्यांना साधी दिसते, पण ती साधी स्पेस नसते आणि `TRIM` तिला हातही लावत नाही.

हे उत्तर F रकान्यात आलं असेल, तर तो नंबर किती ठिकाणी आहे हे शेजारी मोजता येतं:

```
=COUNTIF(F:F,F2)
```

इथे तीन ठिकाणी फसायला होतं. एकाच चौकटीत दोन नंबर लिहिलेले असतील तर हे सूत्र मुकाट्याने दुसरा उचलतं. जागा काढल्यावर मजकूर तेरा अक्षरांपेक्षा लांब निघाला तर तो बाजूला काढून हाताने बघा. दुसरं, ज्यांचा नंबरच नाही त्यांचा मिळून एक मोठा गट तयार होतो. ते दुबार नाहीत, नुसते रिकामे आहेत.

तिसरी अडचण जास्त वाईट. 91 लावलेला बारा आकडी नंबर एक्सेल `9.19823E+11` असा दाखवतं. त्या अवस्थेत फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर दिसतं तेवढंच साठवलं जातं आणि शेवटचे सहा आकडे शून्य होतात. मग ९८२३ ने सुरू होणारे ढीगभर ग्राहक एकाच नंबरवर आल्यासारखे दिसतात. शेवटी सहा शून्यं असलेला नंबर दिसला की थांबा. त्या फाइलमधून खरा नंबर परत मिळत नाही. सीआरएममधून नवा एक्स्पोर्ट घ्या आणि तो एक्सेलमध्ये आणताना नंबरचा रकाना टेक्स्ट म्हणून निवडा.

नंबर जुळला म्हणजे माणूस जुळला, असं धरणं

माझी चूक हीच. आता मी आधी गट मोठ्याकडून छोट्याकडे लावते. एका नंबरवर चारपेक्षा जास्त नोंदी असतील तर तो नंबर बहुधा ग्राहकाचा नसतोच. तो आपल्याच माणसाचा, सोसायटीच्या ऑफिसचा, नाहीतर बिल्डरच्या साइट सुपरवायझरचा असतो. अशा गटाला मर्ज लावायचं नाही. नंबर काढून टाकायचा, नोंदी तशाच ठेवायच्या आणि नंबर मिळवण्यासाठी सर्व्हिसकडे यादी द्यायची. कर्मचाऱ्यांच्या नंबरांची यादी एचआरकडून घेऊन आधीच ताडून पाहिली असती तर माझं ते प्रकरण पाच मिनिटांत उघडं पडलं असतं. लँडलाइनही तपासा. पुण्याचा ०२० मधला शून्य गेला की उरलेले आकडे दहाच होतात, पण मोबाइल ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो आणि हा २ ने.

दोन ते चार नोंदींच्या गटात मी नंबराशिवाय आणखी एक पुरावा मागते: फ्लॅट आणि पिनकोड, किंवा मशीनचा सीरियल नंबर. त्यातला एकही जुळत नसेल तर मर्ज नाही.

नाव हा पुरावा मी धरत नाही, फक्त आधाराला घेते. आपल्याकडे एकच माणूस बिलावर आडनाव आधी लावतो, ईमेलमध्ये नंतर. कुणी नोंद देवनागरीत केलेली असते, कुणी रोमनमध्ये, आणि गायकवाडांचं रोमन स्पेलिंग आमच्याकडे पाच प्रकारे आहे. उलट एकाच इमारतीत दोन वेगवेगळे संजय पाटील राहत असले तर त्यात नवल काय?

कोणती नोंद टिकवायची, हे सॉफ्टवेअरवर सोडणं

एक गट सविस्तर सांगते. नावं बदलली आहेत. पहिली नोंद "एस. आर. कुलकर्णी", २०१९ च्या बिलातून आलेली, सिंहगड रोडचा पूर्ण पत्ता आणि मशीनचा सीरियल नंबर असलेली. दुसरी "सुनील कुलकर्णी", २०२२ च्या प्रदर्शनातल्या फॉर्मवरची. पत्त्याच्या जागी नुसतं "पुणे", पण ईमेल आहे. तिसरी "सुनीता कुलकर्णी", २०२४ ची तक्रार, फ्लॅट तोच, आणि शेऱ्यात लिहिलंय: "ऑफरचे फोन करू नका". तिघांचा नंबर एक.

पहिली आणि दुसरी एकाच माणसाच्या. दुसरीत फ्लॅट नव्हता, म्हणून पुराव्यासाठी एक फोन करावा लागला. टिकवायची पहिली, कारण बिलं आणि मशीन तिलाच जोडलेली आहेत. दुसरीतून फक्त ईमेल घ्यायचा. "सगळ्यात नवी नोंद जिंकेल" असा नियम लावला असता तर पूर्ण पत्त्याच्या जागी "पुणे" बसलं असतं. शेवटच्या बदलाची तारीखही फसवी असते. कुणीतरी मार्चमध्ये सगळ्या ग्राहकांना एक टॅग लावला की हजारो नोंदींची तारीख तीच होते.

तिसरी मर्ज करायची नाही. सुनीताताई वेगळी व्यक्ती आहेत, तक्रार त्यांच्या नावाची आहे आणि उद्या कॉल सेंटरने त्यांना "सुनीलजी" म्हटलेलं त्यांना आवडणार नाही. दोन्ही नोंदी एका घराखाली जोडायच्या. आमच्या सीआरएममध्ये त्यासाठी अकाउंट वापरतो. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर "घर क्रमांक" असा साधा रकानाही चालतो.

पण फोनच्या यादीचं काय? नकार त्यांनी दिला असला तरी घंटा त्याच नंबरवर वाजते. म्हणून नकार नंबराला लावायचा, माणसाला नाही, आणि हा नंबर यादीतून बाहेर काढायचा. दुबार नोंदी साफ करताना नकाराचे शेरे हमखास पुसले जातात, कारण टिकलेल्या नोंदीत तो रकाना रिकामा असतो. मर्जआधी नकार असलेल्या नंबरांची वेगळी फाइल काढा आणि मर्जनंतर अंतिम यादीशी ताडून पाहा. एकही नंबर दोन्हीकडे सापडता कामा नये.

एक्सेलमध्ये साफ करून फाइल परत चढवणं

एक्सेलमधलं `Remove Duplicates` वरची ओळ ठेवतं आणि खालच्या उडवतं. खालच्या ओळीत काय होतं हे ते विचारत नाही. त्याहून मोठा गोंधळ पुढे आहे. ही साफ झालेली फाइल नोंद क्रमांकाशिवाय सीआरएममध्ये इम्पोर्ट केली तर जुन्या नोंदी जागच्या जागी राहतात आणि शेजारी नव्या येऊन बसतात. एक्सेल फक्त निदानासाठी वापरा. कोण कोणात जायचं हे तिथे ठरवा, मर्ज मात्र सीआरएमच्याच मर्जने करा, म्हणजे तक्रारी आणि बिलं टिकलेल्या नोंदीकडे सरकतात. सेल्सफोर्ससारख्या ठिकाणी एका वेळी तीनच नोंदी मर्ज होतात, तेव्हा त्यासाठी लागणारा वेळ आधीच हिशेबात धरा. मोठ्या संख्येने करायचं असेल तर आधी वीस गट करा, दुसऱ्या दिवशी उघडून पाहा आणि मगच पुढे जा.

दुसरा दिवस कशासाठी, तर बिलिंग सॉफ्टवेअरसाठी. आमचं बिलिंग रोज रात्री ग्राहक सीआरएमकडे पाठवतं आणि स्वतःच्या ग्राहक क्रमांकाने जुळवतं. मर्जमध्ये तो क्रमांक असलेली नोंद गेली आणि टिकलेल्या नोंदीत क्रमांक उतरला नाही, की सिंक समजतं ग्राहक नवीन आहे आणि नोंद पुन्हा तयार करतं. ओळखायचं कसं? सकाळी "तयार केल्याची तारीख: आज" असा फिल्टर लावा. रात्री दोन वाजता जन्मलेले, पण २०१९ पासून बिलं असलेले ग्राहक दिसले तर हाच प्रकार आहे. एकाच माणसाचे बिलिंगमध्येच दोन क्रमांक असतील तर आधी तिथे एक बंद करून घ्यावा लागतो. हे अकाउंट्सवाल्यांचं काम, आणि दिवाळीच्या तोंडावर ते लगेच होईल अशी आशा धरू नका. आम्ही ते आता गणपती उठले की सांगून ठेवतो.

मर्ज संपल्यापासून यादी निघेपर्यंत प्रदर्शनाचे किंवा वेबसाइटचे फॉर्म सीआरएममध्ये थेट येऊ देत नाही. ते वेगळ्या शीटमध्ये साठतात आणि वरच्याच सूत्रातून गेल्यावर आत येतात. टेलिकॉलरना यादी वाटायच्या आधी तिच्यावर शेवटचं एकदा `COUNTIF` चालवते. गेल्या दिवाळीत त्यात सात नंबर दोनदा निघाले. सातही नवरा-बायकोंचे होते. प्रत्येक घराचं एकच नाव यादीत ठेवलं, नोंदी दोन्ही राहिल्या.