लंबकाच्या जर्नलमधला ‘चर्चा’ पॅरा परत लिहायला बसताना

भाचीचं अकरावीचं फिजिक्सचं जर्नल परत आलं. साध्या लंबकाचा प्रयोग होता, g काढायचा, आणि मॅडमनी चर्चेखाली लाल पेनानं एवढंच लिहिलेलं, "कारण स्पष्ट नाही, परत लिही." परवा रात्री जेवणं झाल्यावर आमच्या धरमपेठेतल्या घरी दोघी बसलो, तिच्या वर्गात अजून चार-पाच जणांचं असंच होऊन राहिलं म्हणे, तर त्यांच्यासाठीही लिहून ठेवते की बसायच्या आधी काय काढून ठेवायचं आणि मग कुठून सुरू करायचं.

तिचा जुना पॅरा असा होता: "सदर प्रयोगामध्ये आम्हाला g चे मूल्य 10.88 मिळाले. ते प्रमाण मूल्यापेक्षा थोडे वेगळे आहे. याचे कारण हवेचा विरोध, पंख्याची हवा, मानवी चूक तसेच उपकरणातील त्रुटी हे असू शकते. अशा प्रकारे प्रयोग यशस्वीरीत्या पूर्ण झाला." चार कारणं, पण एकालाही पुरावा नाही, आणि "थोडे" म्हणजे किती तेही नाही.

पहिलं म्हणजे जर्नलच्या फेअर पानासोबत रफ वहीचं पान काढून ठेवा. हे विसरू नकाच, कारण फेअर करताना ट्रायलची वाचनं गळून जातात आणि बरेचदा खरं कारण त्यातच असतं. मग ज्याच्याशी तुलना करायची तो आकडा आपल्या गावचा घ्या. 9.81 हा युरोपच्या आसपासच्या अक्षांशांचा आकडा आहे, नागपूर 21 अंशावर आणि समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर आहे, इथे g साधारण 9.79 येतं. फरक बारीक आहे पण तुमचं उत्तर चांगलं आलं असेल तर तोच फरक चूक समजून तुम्ही उगाच कारणं शोधत बसाल. भाचीचा फरक मात्र बारीक नव्हता, 10.88 म्हणजे 11 टक्के जास्त, त्याला "थोडे" म्हणताच येत नाही.

आता खरं काम इथे आहे, म्हणून जरा सावकाश. उत्तर किती चुकलं ते g मध्ये बघत बसू नका, ते उलटं फिरवून जे हातानं मोजलं त्या आकड्यात आणा. तिची लांबी 100 सेंटीमीटर होती, बॉबचा हूक धरून त्याच्या मध्यापर्यंत मोजलेली, ते मी विचारून घेतलं. T = 2π√(L/g) मध्ये g 9.79 टाकलं तर आवर्तकाल 2.01 सेकंद येतो, म्हणजे 20 आंदोलनांना सुमारे 40.2 सेकंद लागायला पाहिजेत. तिच्या टेबलात 38.1. दोन सेकंद कमी. आता तिलाच विचारलं, दोन सेकंद कशानं जातात? स्टॉपवॉच दाबायला उशीर झाला तर 0.2 सेकंद, फार तर 0.3. लांबी चुकली म्हणावं तर टेप दहा सेंटीमीटरनी चुकायला हवा, तेही नाही. पण एका आंदोलनाला किती वेळ लागतो, तर दोन सेकंद. ती एकदम म्हणाली, "मावशी, मी बॉब सोडला की एक म्हणायची." म्हणजे वीस म्हटलं तेव्हा एकोणीसच झाले होते. शून्य म्हणून सुरू करायचं असतं.

तरी हे कारण सुचलं म्हणून लगेच लिहायचं नाही, त्याला तीन प्रश्न विचारायचे. यानं उत्तर कुठल्या बाजूला सरकतं, किती सरकतं, आणि माझ्या वहीत याची खूण आहे का. हवेचा विरोध पहिल्याच प्रश्नाला पडतो. "पण हवेचा विरोध तर असतेच ना," ती म्हणे. असतो, पण धातूच्या बॉबचा झोका हळूहळू लहान होतो आणि आवर्तकाल जवळपास तेवढाच राहतो, वाढला तर नावापुरता वाढेल, आणि T वाढला की g कमी येतं. आपलं तर जास्त आलं, म्हणजे कारण उलट्या दिशेला चाललं. झोका मोठा सोडला हे कारणही तसंच, 10 अंशांनी सोडला तर T फक्त 0.2 टक्के वाढतो, इथेही g कमीच व्हायला पाहिजे. पंख्याबद्दल तिच्याकडे एकही वाचन नाही, मग तो खोडायचा. "मानवी चूक" हे तर कारणच नाही, माणसानं नेमकं काय चुकवलं ते लिहायला लागते.

मोजणीचं कारण मात्र तिन्हीत बसतं, आणि खूण रफ पानावर सापडली. तिथे ट्रायल म्हणून 10 आंदोलनांचं एक वाचन होतं, 18.0 सेकंद, फेअरमध्ये नव्हतंच. त्यातून T 1.80 येतो, वीसवाल्यातून 1.905. एकाच लंबकाचे दोन आवर्तकाल कसे असतील? दोन्हीत एक-एक आंदोलन कमी भरलं असेल तरच असं दिसतं, आणि ते दहात जास्त जाणवतं, वीसात कमी. मग दोन वाचनांची वजाबाकी केली, 38.1 वजा 18.0, म्हणजे 10 आंदोलनांना 20.1 सेकंद, आणि सुरुवात एकपासून केली की शून्यापासून याचा आता काही संबंधच उरत नाही. T 2.01, g 9.77. ती कॅल्क्युलेटरकडे बघतच राहिली.

एक मात्र ठासून सांगितलं, टेबलातला 38.1 खोडून 40.2 करायचा नाही. मोजलं ते मोजलं, दुरुस्ती चर्चेत येते, टेबलात नाही. वेळ मिळाला तर लॅबमध्ये जाऊन शून्यापासून मोजून एक नवीन वाचन घ्या आणि ते तारखेसह वेगळ्या ओळीत टाका, ते सगळ्यात उत्तम.

मग लिहायला घ्या, क्रम असा की आधी काय मिळालं आणि किती चुकलं, मग तो फरक मोजलेल्या आकड्यात, मग कारण आणि त्याची खूण, शेवटी दुरुस्त उत्तर आणि त्यात किती कमी-जास्त धरायचं. तिचा नवीन पॅरा असा झाला:

"आम्हाला g = 10.88 m/s² मिळालं, हे नागपूरच्या 9.79 पेक्षा 11 टक्के जास्त आहे. 100 सेंमी लांबीला 20 आंदोलनांसाठी सुमारे 40.2 सेकंद लागायला हवे होते, आमचं वाचन 38.1 आहे; फरक एका आंदोलनाएवढा आहे. 10 आंदोलनांच्या वाचनातून T = 1.80 s आणि 20 च्या वाचनातून 1.905 s येतो, म्हणून मोजणी ‘शून्य’ऐवजी ‘एक’पासून सुरू झाली असावी. दोन वाचनांच्या वजाबाकीतून T = 2.01 s आणि g = 9.77 m/s² मिळतं. वेळेत 0.2 सेकंदाची चूक धरली तर यात सुमारे 0.2 कमी-जास्त होऊ शकतं."

"असावी" मुद्दाम ठेवलं, कारण ती मोजताना कोणी बघत नव्हतं, वाचनं तसं दाखवतात एवढंच आपण म्हणू शकतो. "यशस्वीरीत्या पूर्ण" वालं वाक्य काढलं, "सदर" काढलं. शेवटी प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून बघा, हे झाकलं तर पुढचं समजते का, समजत असेल तर ते वाक्य जाऊ द्या. भाचीनं असं करताना आवर्तकालाची व्याख्या सांगणारं एक वाक्य स्वतःच खोडलं, ती तर सिद्धांतात आधीच लिहिलेली होती.