नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडची एन्ट्रॉपी: दोन्ही गणितं शेजारी शेजारी सोडवा

कालिन्याला एम.एस्सी.ला आलेली किंवा जॅम-गेटची तयारी करणारी मुलं स्टॅटिस्टिकल थर्मोडायनॅमिक्स घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा मी पुस्तकातला धडा सुरुवातीपासून काढत नाही. कागदावर दोन वायू लिहायला लावते: N₂ आणि CO. दोघांचं मोलर वस्तुमान २८, दोघांत दोनच अणू, बंधही दोघांचे तिहेरी. तरी २९८ केल्विनला आणि १ बारला टेबलात पहिल्याची एन्ट्रॉपी १९१.६ आणि दुसऱ्याची १९७.७ जूल प्रति मोल प्रति केल्विन. हे सहा कुठून आले, तेवढं शोधून काढलं की रोटेशन आणि व्हायब्रेशन दोन्ही हातात येतात.

ट्रान्सलेशन आधीच बाजूला काढा. ते वस्तुमानावर, तापमानावर आणि दाबावर अवलंबून असतं, म्हणून दोघांसाठी सारखंच: १५०.४२. रेणू एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत म्हणून जो N! येतो, त्याचा हिशेब इथेच संपतो. रोटेशनच्या वेळी तो पुन्हा घ्यायचा नाही.

आता रोटेशन. स्पेक्ट्रमवरून मिळणारा रोटेशनल स्थिरांक सेंटिमीटर इन्व्हर्समध्ये असतो. त्याला १.४३८८ ने गुणलं की कॅरॅक्टरिस्टिक टेम्परेचर केल्विनमध्ये मिळतं. नायट्रोजनसाठी १.९९० गुणिले १.४३८८ म्हणजे २.८६ केल्विन, CO साठी १.९२३ वरून २.७७ केल्विन. खोलीचं तापमान याच्या शंभरपट, त्यामुळे रोटेशनल पातळ्या एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की बेरजेऐवजी इंटिग्रल घेतलं तरी चालतं:

```
q_rot = T / (σ θ_rot)
S_rot = R [ ln(T / (σ θ_rot)) + 1 ]
```

कंसातला तो १ म्हणजे रोटेशनची ऊर्जा भागिले RT. पाठ करण्यापेक्षा S = R(ln q + T·dln q/dT) वरून एकदा स्वतः काढून बघा, दोन ओळींचं काम आहे.

CO साठी σ = 1. २९८.१५ भागिले २.७६६ म्हणजे १०७.८, त्याचा नॅचरल लॉग ४.६८, एक मिळवून ५.६८, आणि R ने गुणून ४७.२. नायट्रोजनचे दोन्ही अणू सारखे, म्हणून σ = 2. तिथे लॉगच्या आत ५२.१ उरतात, आणि उत्तर येतं ४१.२. ट्रान्सलेशन मिळवा: १९७.६५ आणि १९१.६०. टेबलाशी जुळलं.

सहाचा हिशेबही इथेच लागतो. त्यातले ५.७६ म्हणजे R ln 2, निव्वळ σ मुळे. उरलेले ०.३ दोन रोटेशनल स्थिरांकांतल्या किरकोळ फरकाचे.

इथे एक प्रश्न हमखास येतो. मागच्या बॅचमधल्या एकाने विचारलंच, "ताई, नायट्रोजन अर्धा फिरवला की आधीसारखाच दिसतो, हे कळलं. पण दिसण्याचा आणि एन्ट्रॉपीचा काय संबंध?" संबंध दिसण्याचा नाही, मोजण्याचा आहे. १८० अंशांत फिरवल्यावर दोन एकसारखी अणुकेंद्रं जागा बदलतात, आणि क्वांटम नियमानुसार एका न्यूक्लिअर स्पिन अवस्थेबरोबर फक्त सम किंवा फक्त विषम रोटेशनल पातळ्याच चालतात. म्हणजे CO ला सगळ्या पातळ्या मोकळ्या, नायट्रोजनला दर वेळी निम्म्याच. पातळ्या दाट असल्या की हे निम्मं म्हणजे सरळ दोनने भागणं. σ हे त्या नियमाचं जास्त तापमानाला चालणारं छोटं रूप आहे. हायड्रोजनला मात्र हे रूप पुरत नाही. त्याचं θ_rot सुमारे ८५ केल्विन असल्यामुळे कमी तापमानाला ऑर्थो आणि पॅरा वेगवेगळे धरून पातळ्यांची बेरीज हाताने करावी लागते.

व्हायब्रेशनला आपल्या जोडीत जवळपास काहीच काम नाही, पण ते काम का नाही हे आकड्यात बघणं गरजेचं आहे. नायट्रोजनची व्हायब्रेशनल वारंवारता २३३० सेंटिमीटर इन्व्हर्स, म्हणजे θ_vib सुमारे ३३५० केल्विन. CO चं सुमारे ३०८०. सूत्र असं:

```
x = θ_vib / T
S_vib = R [ x/(e^x − 1) − ln(1 − e^(−x)) ]
```

२९८ केल्विनला नायट्रोजनचा x अकराच्या वर. उत्तर सुमारे ०.००१, CO चं ०.००३. टेबलातल्या शेवटच्या आकड्यालाही धक्का लागत नाही. तोच नायट्रोजन १००० केल्विनला न्या, १.३ मिळतात. क्लोरीनचं θ_vib सुमारे ८०० केल्विनच आहे, त्यामुळे आपल्या मुंबईच्या हवेच्या तापमानालाही त्याचे सुमारे २.२ येतात आणि ते सोडून चालत नाही. माझा नियम सोपा: x दहाच्या पुढे गेला तर पद सोडा, पाचच्या आत आला तर सोडू नका, मधे असेल तर काढून बघा.

झीरो पॉइंट ऊर्जेचा घोळ बरेच जण घालतात. ती पार्टिशन फंक्शनमध्ये धरा किंवा सोडा, एन्ट्रॉपी तीच राहते: ln q जेवढा कमी होतो तेवढंच ऊर्जेचं पद वाढतं. एकीकडे धरून दुसरीकडे सोडली, तर मात्र उत्तर बिघडतं.

चूक पकडायच्या दोन खुणा सांगते. परीक्षेच्या स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरवर ln आणि log ही दोन वेगळी बटणं असतात. घाईत log दाबलं तर नायट्रोजनचं रोटेशन २२.६ येतं, जवळपास निम्मं, आणि ऑप्शनमध्ये तोही आकडा बसवलेला असू शकतो. दुसरी खूण ऋण चिन्हाची. व्हायब्रेशनला रोटेशनसारखं R[ln(T/θ)+1] लावलं तर नायट्रोजनसाठी उणे ११.८ येतं. रोटेशनची किंवा व्हायब्रेशनची एन्ट्रॉपी ऋण आली की समजायचं, पातळ्या विरळ असताना आपण इंटिग्रल वापरलं.

शेवटी CO ची एक गोष्ट, कारण तोंडी परीक्षेत ती विचारतात आणि मुलं तिथे σ ची गल्लत करतात. क्लेटन आणि जिऑक यांनी १९३२ मध्ये CO ची उष्णताधारिता अतिशीत तापमानापासून मोजत नेऊन एन्ट्रॉपी काढली. ती वर केलेल्या हिशेबापेक्षा सुमारे ४.६ ने कमी भरली. हिशेब बरोबर होता; मोजणीत एक गृहीतक फसलं होतं. CO चा डायपोल अगदी क्षीण आहे, म्हणून गोठताना रेणू CO असा बसला काय किंवा OC असा बसला काय, ऊर्जेत फारसा फरक पडत नाही. स्फटिक थंड होतो तेव्हा ही सरमिसळ तशीच अडकून राहते, आणि शून्य केल्विनजवळ एन्ट्रॉपी शून्य होत नाही. सरमिसळ पूर्ण असती तर उरलेली एन्ट्रॉपी R ln 2 म्हणजे ५.७६ असती, ४.६ म्हणजे थोडीफार शिस्त लागलेली.

आकडा तोच ५.७६, म्हणून गोंधळ होतो. σ चा R ln 2 नायट्रोजन वायूच्या हिशेबातून वजा होतो. हा दुसरा R ln 2 घन CO चा आहे आणि उष्णतेच्या मोजणीत मिळवायचा आहे. पार्टिशन फंक्शनवरून काढलेल्या १९७.६५ मध्ये तो टाकला तर २०३.४ येतं, आणि तो आकडा कुठल्याच टेबलात सापडणार नाही.