डिसेंबरमध्ये मोठं काम आलं, तर जूनच्या हप्त्याचं काय?

मी पुण्यात राहते. अनुवाद आणि सबटायटलची कामं स्वतंत्रपणे घेते. काही कामं भारतातल्या प्रकाशन संस्थांची आणि कंपन्यांची असतात, काही परदेशी सबटायटल एजन्सींची. एखाद्या महिन्यात खात्यात दोन लाख येतात, तर पुढचे दोन महिने विजेचं बिलही साठवणीतून भरावं लागतं. ज्यांनी नुकतीच नोकरी सोडून अशी कामं सुरू केली आहेत, त्यांना ॲडव्हान्स टॅक्सबद्दल सगळ्यात जास्त सतावणारा प्रश्न एकच असतो: वर्षभरात किती मिळणार हेच माहीत नाही, तर जूनमध्ये कर कसा काढायचा?

आधी नियम थोडक्यात सांगते. वर्षाचा कर काढून त्यातून टीडीएस वजा केल्यावर दहा हजार किंवा त्याहून जास्त रक्कम उरत असेल, तर ती वर्ष संपायच्या आत हप्त्यांनी भरायची असते. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के. हे टक्के एकूण भरण्याचे आहेत, त्या त्या हप्त्याचे नाहीत. म्हणजे सप्टेंबरमध्ये ४५ टक्के वेगळे भरायचे नसतात. जूनचे धरून एकूण ४५ टक्के झाले की पुरे. अनियमित उत्पन्नाच्या माणसाला हीच गोष्ट वाचवते, कारण प्रत्येक हप्त्याला आधीचा अंदाज दुरुस्त करता येतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण या चार तारखा आणि टक्के तेच आहेत.

माझा मावसभाऊ सॉफ्टवेअरची कामं घेतो. तो वर्षातून एकदाच, १५ मार्चपर्यंत, सगळा कर भरतो. पहिल्या वर्षी मला वाटलं, मीही तसंच करावं. सीएंनी समजावलं, की एकूण जमेचा अर्धा भाग उत्पन्न मानून कर भरण्याची सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे. त्यात वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, माहिती तंत्रज्ञानातले लोक वगैरे येतात आणि ती घेणाऱ्यांना एकच हप्ता असतो. त्या यादीत अनुवादाचं नाव नाही. म्हणून मी जमाखर्च लिहिते, खरा नफा दाखवते आणि चार हप्ते पाळते. तुमचा व्यवसाय यादीत बसतो का, हे सुरुवातीलाच विचारून घ्या, कारण तुमचं पुढचं सगळं वेळापत्रक त्यावरच ठरतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. अंदाज कसा करायचा, हे मी २०२५-२६ च्या माझ्या हिशोबावरून सांगते. समजायला सोपं पडावं म्हणून आकडे गोल केले आहेत.

जूनमध्ये माझ्या वहीत तीन रकाने होते. खात्यात आलेले पैसे, बिल दिलं आहे पण आले नाहीत ते पैसे, आणि हातात असलेलं पण अजून बिल न दिलेलं काम. चौथा रकाना मी मुद्दाम ठेवत नाही. 'ऑगस्टमध्ये एक मालिका देतो', असं कोणी फोनवर म्हटलं तर ते कुठेच लिहीत नाही. तीन रकान्यांची बेरीज आणि उरलेल्या महिन्यांसाठी गेल्या दोन वर्षांतल्या कमी जमेच्या वर्षाची सरासरी, एवढं धरलं. खर्च वजा जाता वर्षाचा नफा साधारण ११ लाख निघाला.

नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणून जूनमध्ये मी काहीच भरलं नाही. सप्टेंबरमध्येही चित्र तेच होतं. इथे एक गैरसमज फार दिसतो. लोक १२ लाख ७५ हजार हा आकडा ऐकून असतात. त्यातले ७५ हजार पगारदारांच्या प्रमाणित वजावटीचे आहेत. आपल्याला ती वजावट नाही, आपली रेषा बारा लाखांवरच आहे. ती ओलांडल्यावर सवलत एका झटक्यात जात नाही, पण जवळपास तसंच होतं. नफा १२ लाख १० हजार झाला तर वरचे दहा हजार करातच जातात, शिवाय त्यावर चार टक्के उपकर. असं साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत चालतं. त्यानंतर नेहमीचा हिशोब लागू होतो. म्हणून ज्याचा अंदाज अकरा-बारा लाखांच्या आसपास फिरतो, त्याने प्रत्येक तारखेला वही उघडलीच पाहिजे. एका कामाने कर शून्यावरून थेट लाखाच्या घरात जाऊ शकतो.

माझं तसंच झालं. ऑक्टोबरच्या शेवटी एका परदेशी एजन्सीकडून मोठी मालिका आली. १२ डिसेंबरला पुन्हा बेरीज केली. खात्यात आलेले ११ लाख ९० हजार, बिल दिलेले ४ लाख ३० हजार, हातातल्या कामाचे १ लाख ८० हजार, असे एकूण १८ लाख. वर्षाचा खर्च २ लाख. म्हणजे नफा १६ लाख.

डिसेंबरचा हा अंदाज जूनच्या अंदाजापेक्षा कितीतरी पक्का असतो. मी पैसे हातात आल्यावरच जमा धरते आणि माझी परदेशी बिलं साठ दिवसांनी वटतात. म्हणजे ३० जानेवारीनंतर दिलेल्या परदेशी बिलाचे पैसे बहुतेक पुढच्या वर्षात पडणार. डिसेंबरच्या मध्यावर, ३१ मार्चपर्यंत येणारी बहुतेक रक्कम आधीच बिलात किंवा हातातल्या कामात दिसत असते. तुमची बिलं किती दिवसांनी वटतात हे एकदा नीट लिहून काढा, मग वर्षाची शेवटची कमाईची तारीख तुमची तुम्हालाच सापडेल.

१६ लाखांवर कर असा: पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चारवर पाच टक्क्यांनी २० हजार, त्यापुढच्या चारवर दहा टक्क्यांनी ४० हजार, शेवटच्या चारवर पंधरा टक्क्यांनी ६० हजार. एकूण १ लाख २० हजार, उपकर धरून १ लाख २४ हजार ८००. भारतीय ग्राहकांची वर्षाची बिलं ६ लाख ४८ हजारांची होती आणि ते दहा टक्के टीडीएस कापतात, म्हणजे ६४ हजार ८००. उरले ६० हजार. त्याचे ७५ टक्के म्हणजे ४५ हजार मी १३ डिसेंबरला भरले. उरलेले १५ हजार मार्चमध्ये.

टीडीएसचा हा आकडा पोर्टलवरच्या २६एएसवरून घेतलेला नव्हता. ग्राहक टीडीएसचं विवरण तिमाहीने भरतात आणि त्यासाठी त्यांना साधारण महिनाभर मुदत असते. म्हणून डिसेंबरच्या मध्यावर २६एएसमध्ये फार तर सप्टेंबरपर्यंतच्या नोंदी दिसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा टीडीएस तिथे दिसत नाही म्हणून कापलाच नाही असं नसतं. बिलाची रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम यांतला फरक मी वहीतच मांडते आणि विवरण भरल्यावर ताळा घेते. परदेशी ग्राहक मात्र काही कापत नाहीत. त्यांच्या प्रत्येक रकमेवरचा कर आपल्यालाच बाजूला ठेवावा लागतो. मी त्यातले वीस टक्के त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकते.

आता जून आणि सप्टेंबरचं काय? तेव्हा माझा अंदाज प्रामाणिक होता, काम आलेलंच नव्हतं. तरी कायदा मागे वळून पाहतो. व्याज काढताना वर्षअखेरचा खरा कर घेतात आणि त्याचे १५ व ४५ टक्के त्या तारखांना भरले होते का, एवढंच तपासतात. शेअर विकून झालेला नफा, लाभांश, लॉटरी किंवा धंद्याचं पहिल्यांदाच झालेलं उत्पन्न यांच्यासाठी सूट आहे. ते आल्यानंतरच्या हप्त्यात भरलं तर मागचं व्याज लागत नाही. चालू व्यवसायात अचानक वाढलेल्या कामाला ही सूट नाही.

पण व्याज होतं किती? जूनच्या ९ हजारांवर महिना एक टक्का, तीन महिन्यांचे २७० रुपये. सप्टेंबरच्या २७ हजारांवर तसेच ८१०. एकूण १,०८० रुपये, बस. ही रक्कम दंड म्हणून मनाला लावून घेऊ नका. अनिश्चित उत्पन्नाची ती किंमत आहे. जूनमध्ये घाबरून ६० हजारांच्या हिशोबाने पैसे अडकवण्यापेक्षा मला ती परवडते, कारण जुलै-ऑगस्टमध्ये तेच पैसे घर चालवतात. शिवाय पहिल्या दोन हप्त्यांना थोडी सवड आहे. जूनपर्यंत १२ टक्के आणि सप्टेंबरपर्यंत ३६ टक्के भरले असतील तरी त्या हप्त्याचं व्याज लागत नाही. डिसेंबर आणि मार्चला अशी सवड नाही.

माझ्या अगदी पहिल्या वर्षी मी एकही हप्ता भरला नव्हता. टीडीएस कापतात म्हणजे कर भरला गेला, असं मला वाटत होतं. तसं मी या वर्षीही केलं असतं आणि सगळे ६० हजार जुलैमध्ये भरले असते, तर हप्त्यांचं व्याज ३,०३० रुपये झालं असतं. त्यावर एप्रिल ते जुलै असे चार महिने, दरमहा एक टक्क्याने आणखी २,४०० रुपये. एकूण ५,४३०. म्हणून जून-सप्टेंबरच्या अंदाजाची फार चिंता करू नये, पण डिसेंबर चुकवू नये, असं माझं मत आहे.

भरताना पोर्टलवर `e-Pay Tax` मध्ये जाऊन `Advance Tax (100)` निवडायचं. शेजारचा `Self Assessment Tax (300)` हा वर्ष संपल्यावर भरायचा असतो. २०२५-२६ च्या कमाईसाठी `Assessment Year` म्हणून `2026-27` निवडावं लागत होतं. एकदा मी घाईत चालू वर्षच निवडलं आणि पैसे एक वर्ष मागच्या खात्यात गेले. चलन दुरुस्त झालं, पण त्यात काही आठवडे गेले. आता भरल्यावर लगेच चलन उघडून वर्ष वाचते.

१५ मार्चनंतरही वही बंद करत नाही. समजा, २५ मार्चला आणखी एक लाख अनपेक्षित आले. नफा १६ लाखांच्या वर गेल्याने त्यावर वीस टक्के आणि उपकर, म्हणजे २० हजार ८०० कर वाढतो. तो ३१ मार्चपर्यंत भरला तरी ॲडव्हान्स टॅक्स म्हणूनच धरतात. हप्त्यांचं थोडं व्याज लागेल. पण टीडीएस वजा जाता उरलेल्या कराच्या नव्वद टक्के रक्कम ३१ मार्चपर्यंत भरलेली असली, की एप्रिलपासून दरमहा चढणारं व्याज लागत नाही. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी बँकेचं खातं एकदा पाहते, परदेशातून आलेली शेवटची रक्कम वहीत लिहिते आणि बेरीज पुन्हा करते.