स्टेजच्या बॅकड्रॉपवर नाव आणि लोगो दिसावेत म्हणून

मंडळाच्या कार्यक्रमात पाहुणे खुर्च्यांवर बसले की बॅनरच्या तळाचे प्रायोजकांचे लोगो झाकले जातात, आणि मागच्या रांगेला नाव वाचता येत नाही. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स आणि ६० फूट लांबीचा हॉल धरून सांगतो.

१. खालचे ४ फूट नुसता रंग किंवा नक्षी ठेवा, मजकूर नको. उभा वक्ता साडेपाच फुटांपर्यंत झाकतो, म्हणून नाव त्याच्या वर घ्या.

२. दर १० फूट अंतराला १ इंच अक्षर, म्हणजे इथे किमान ६ इंच. हे माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचं, वेलांटी-उकार सोडून. नाव ठळक दिसायला मी १२ इंच घेतो.

३. लोगो सगळ्यात वर, पांढऱ्या पट्टीवर एका ओळीत. चारही कडांना ४ इंच मोकळे सोडा, फ्रेमवर तेवढा फ्लेक्स दुमडतो.

४. डिझाइन १० इंच रुंद छापून भिंतीला लावा आणि अडीच फुटांवरून वाचा. शेवटच्या रांगेतून तेवढंच दिसेल.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला लोगो फ्लेक्सवर फाटतो, म्हणजे मोठा केल्यावर धूसर आणि चौकटी-चौकटींचा दिसतो. प्रायोजकाकडून कोरलड्रॉची सीडीआर फाइल किंवा व्हेक्टर पीडीएफच मागा, व्हेक्टर लोगो कितीही मोठा केला तरी स्वच्छ राहतो.