थकलेल्या बिलावर व्याज लावताना या चुका टाळा

सरळव्याजाचं सूत्र शाळेतलंच आहे: मुद्दल × दर × दिवस ÷ ३६५. चुका होतात त्या दिवसांत आणि मुद्दलात, आणि त्या मी वर्षानुवर्षं बघतोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मधे आलेले पैसे विसरणं. एका वर्कशॉपचे हिशेब मी बघायचो. बिल २,३६,००० रुपयांचं, मुदत २० मे २०२५ पर्यंत, करारात वार्षिक १८ टक्के सरळव्याज. गिऱ्हाइकाने १९ जूनला एक लाख दिले, उरलेले १,३६,००० रुपये १२ ऑगस्टला. वर्कशॉपच्या मुलाने घाईत सगळ्या रकमेवर ८४ दिवसांचं व्याज काढून ९,७७६ रुपयांची डेबिट नोट पाठवली. समोरच्या अकाउंटंटने ती चूक पकडली आणि नोटच बाजूला ठेवली. खरं येणं होतं तेही अडकलं.

आलेली रक्कम आधी मुद्दलात जमा करायची, असं त्यांचं ठरलेलं होतं. त्यामुळे हिशेब दोन तुकड्यांत हवा होता. २१ मे ते १९ जून हे ३० दिवस पूर्ण रकमेवर: ३,४९१.५१ रुपये. २० जून ते १२ ऑगस्ट हे ५४ दिवस १,३६,००० वर: ३,६२१.७० रुपये. एकूण ७,११३.२१. आम्ही हा तक्ता जोडून नवी नोट पाठवली, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. तेव्हापासून मी प्रत्येक जमेची स्वतंत्र ओळ करतो, भले रक्कम पाचशेची असो.

दुसरी चूक दिवस मोजण्याची. “तीन महिने झाले” असं म्हणून महिन्याला दीड टक्का धरून तीनने गुणणं मला अजिबात पटत नाही. ८४ दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. मुदतीचा शेवटचा दिवस धरायचा नाही, पैसे खात्यात आले तो धरायचा. एक्सेलमध्ये तारखांची नुसती वजाबाकी हेच देते. A2 मध्ये मुदत किंवा आधीच्या जमेची तारीख, B2 मध्ये या जमेची तारीख, C2 मध्ये थकीत रक्कम:

```
=C2*18%*(B2-A2)/365
```

`DAYS360` वापरू नका, ते प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरतं. आणि 05/06/2025 ही ५ जून आहे की ६ मे, हे सेल उघडून तपासा. मी तारीख नेहमी `5-Jun-2025` अशीच लिहितो.

जमेची तारीख बँक स्टेटमेंटवरून घ्या, “कालच पाठवले” या फोनवरून नाही.

मुदत बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून, ते करारात बघा.

लीप वर्षात ३६५ की ३६६, तेही आधीच लिहून घ्या.

सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून २००६ च्या कायद्याखाली दावा करणार असाल, तर हे सूत्र चालत नाही. तिथे दरमहा चक्रवाढ होणारं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने लागतं.