हजेरीचे इंटर्नल मार्क: आणखी किती लेक्चरांना बसलं तर एक मार्क वाढतो?

सत्र संपत आलं की एक प्रश्न हमखास येतो: "आता रोज आलो तर हजेरीचे मार्क वाढतील का?" याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. कागदावर पाच मिनिटांत ते अचूक काढता येतं.

आधी तुमच्या विषयाचा नियम नीट वाचा. हजेरीचे मार्क साधारण दोन पद्धतींनी देतात. काही ठिकाणी ते टक्केवारीच्या प्रमाणात मिळतात, तर काही ठिकाणी टप्पे ठरलेले असतात. उदाहरणासाठी असे टप्पे धरू: ७५ टक्क्यांखाली शून्य, ७५ पासून १ मार्क, ८० पासून २, ८५ पासून ३, ९० पासून ४ आणि ९५ पासून ५. खरी गफलत टप्प्यांच्या पद्धतीत होते, म्हणून तीच सविस्तर पाहू.

आता तीन आकडे लिहून काढा: आतापर्यंत झालेली लेक्चरं, त्यातली तुमची हजेरी आणि सत्र संपेपर्यंत उरलेली लेक्चरं. पहिले दोन आकडे हजेरीपटावरूनच घ्या, आठवणीवरून नाही. उशिरा आल्यामुळे गैरहजेरी लागली असेल, किंवा सलग दोन तासांचं लेक्चर दोन धरलं असेल, तर तुमचा हिशेब आणि पटावरचा हिशेब जुळत नाही. तिसऱ्या आकड्यासाठी वेळापत्रक घ्या आणि सुट्ट्या व परीक्षेचे दिवस वगळून मोजा.

समजा, ४८ लेक्चरं झाली, तुमची हजेरी ३५ आणि उरली १६. आजची टक्केवारी ७२.९ येते. ७५ ला दोनच टक्के कमी आहेत, म्हणजे एखाद-दोन लेक्चरांत काम होईल, असं वाटतं. तसं होत नाही, कारण तुम्ही बसलेलं प्रत्येक लेक्चर हजेरीत जसं वाढतं तसंच एकूण लेक्चरांतही वाढतं. सलग चार लेक्चरं केलीत की ५२ पैकी ३९ होतात, तेव्हा कुठे बरोबर ७५ टक्के भरतात.

आणि तेही त्या दिवसापुरतंच. मार्क देताना सत्राअखेरची टक्केवारी बघतात, म्हणून भागायचं ते शेवटच्या एकूण आकड्याने. ४८ आणि १६ मिळून ६४. ६४ चे ७५ टक्के म्हणजे ४८. तुमच्याकडे ३५ आहेत, तेव्हा आणखी १३ हवीत. उरलेल्या १६ पैकी फार तर तीन बुडाली तरी चालतील.

पुढच्या टप्प्याचंही बघा. ६४ चे ८० टक्के ५१.२ येतात, म्हणजे ५२ लेक्चरं लागतील. सगळीच्या सगळी १६ केलीत तरी ५१ च होतात, म्हणजे ७९.७ टक्के. इथे ही टक्केवारी ८० धरतात का, हे शिक्षकांना आत्ताच विचारा. धरत नसतील तर दुसरा मार्क हाती लागत नाही, आणि तेराव्यानंतरच्या लेक्चरांनी हजेरीचा एकही मार्क वाढत नाही.

एकूण आकडा मात्र हलतो, हे विसरू नका. दोन जादा लेक्चरं झाली तर एकूण ६६ होतात, आणि सगळ्यांना बसलात तर हजेरी ५३, म्हणजे ८०.३ टक्के. दुसरा मार्क मिळाला! उलट चार लेक्चरं रद्द झाली तर एकूण ६०, त्याचे ७५ टक्के ४५, म्हणजे १२ पैकी १० करावीच लागतात. आता बुडवायला तीन नाही, दोनच उरली. म्हणून हा हिशेब दर आठवड्याला नव्याने मांडा, आणि बुडवायची मुभा आधीच संपवू नका.

हा एक मार्क किती मोलाचा, ते एकूण इंटर्नलवर ठरतं. समजा इंटर्नल २५ चं आहे: चाचणी १५, असाइनमेंट ५, हजेरी ५, आणि पास व्हायला १० लागतात. चाचणीत ६ आणि असाइनमेंटला ३ मिळाले असतील तर बेरीज ९. इथे ती १३ लेक्चरंच नापासाचं पास करतात. पण असाइनमेंट अजून द्यायची असेल तर आधी तिच्याकडे बघा. तिथले दोन मार्क बऱ्याचदा कमी कष्टात येतात.

मार्क प्रमाणात मिळत असतील तर हिशेब सरळ आहे. ५ मार्कांना ६४ ने भागलं की एका लेक्चरचे सुमारे ०.०८ मार्क येतात. एका मार्कासाठी साधारण १३ लेक्चरं. तिथे प्रत्येक लेक्चर थोडं थोडं वाढवतंच.

शेवटी, परीक्षेला बसण्यासाठीची किमान हजेरी ही वेगळी अट असू शकते. कधी ती सगळ्या विषयांची मिळून मोजतात, तर मार्क विषयवार देतात. वैद्यकीय कारणाने त्या अटीतून सूट मिळाली तरी हजेरीचे मार्क आपोआप मिळतील असं नाही. दाखला देतानाच दोन्हींबद्दल विचारून घ्या.